आयजीबीटी काढून सिलिकॉन कार्बाइड: बँड गॅपचा फायदा बोर्डवर कसा उतरतो

प्रश्न: "आमच्या 22 किलोवॅटच्या ईव्ही चार्जरच्या तीन-फेज फ्रंट एंडला 800 व्होल्टची डीसी बस आहे. 1200 व्होल्टचे आयजीबीटी 20 किलोहर्ट्झवर चालवतो. साहेब म्हणतात, पॅकेज तेच आहे, त्याच बोर्डवर सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट बसवून टाका. वाइड बँड गॅपमुळे नक्की काय बदलतं? आणि गॅन आणखी फास्ट असेल तर तो का घेऊ नये?"

पार्ट बसेल आणि बोर्ड बहुतेक चालूही होईल. पण ज्या फायद्यासाठी तुम्ही जास्त पैसे मोजणार आहात, त्यातला मोठा भाग या बोर्डवर हाती लागणार नाही, आणि वर दोन-तीन नवे धोके येतील. असं का, हे समजायला बँड गॅपपासूनच सुरुवात करावी लागते.

सिलिकॉनचा बँड गॅप 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉन कार्बाइडचा (पॉवर डिव्हाइससाठी वापरतात त्या 4एच प्रकाराचा) सुमारे 3.26 आणि गॅलियम नायट्राइडचा, म्हणजेच गॅनचा, सुमारे 3.4. बंद असलेल्या स्विचवर व्होल्टेज येतं तेव्हा आतलं विद्युतक्षेत्र मोकळ्या इलेक्ट्रॉनला पळवतं. पळता पळता त्याने पुरेशी ऊर्जा गोळा केली, तर तो आदळून दुसरा इलेक्ट्रॉन बंधातून सुटा करतो, मग ते दोघे आणखी दोघांना. हा अ‍ॅव्हलांच ब्रेकडाउन. बँड गॅप रुंद असला की बंध तोडायला लागणारी ऊर्जा जास्त, म्हणून तो पदार्थ जास्त क्षेत्र सोसतो. सिलिकॉनमध्ये 1200 व्होल्टच्या डिव्हाइसला ही मर्यादा मायक्रॉनमागे 20-25 व्होल्टच्या आसपास असते. सिलिकॉन कार्बाइडमध्ये ती 250 च्या आसपास जाते, म्हणजे साधारण दहापट.

व्होल्टेज अडवायचं काम ड्रिफ्ट थर करतो. त्यात क्षेत्र एका टोकाला सर्वात जास्त आणि दुसऱ्या टोकाला शून्यापर्यंत उतरतं, म्हणून सरासरी निम्मी धरायची. सिलिकॉनमध्ये 1200 व्होल्ट अडवायला शंभरेक मायक्रॉन जाडीचा थर लागतो, सिलिकॉन कार्बाइडमध्ये दहाएक मायक्रॉन पुरतात. शिवाय क्षेत्र दहापट आणि जाडी एक दशांश झाल्यामुळे त्या थरात डोपिंग शंभरपट जास्त ठेवता येतं. थर दहापट पातळ आणि वाहक शंभरपट, असा दुहेरी लाभ एकाच वेळी मिळतो. इलेक्ट्रॉनची गतिशीलता थोडी कमी असल्याने पूर्ण हजारपट नाही, तरी ड्रिफ्ट थराचा रोध काही शे पटींनी उतरतो.

हा हिशेब बी. जयंत बालिगा यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला. पदार्थाची गुणवत्ता क्रिटिकल क्षेत्राच्या घनाबरोबर वाढते हे सांगणारा 'बालिगा फिगर ऑफ मेरिट' तो हाच. आणि आयजीबीटीच्या विकासातही अग्रभागी होते ते हेच, आयआयटी मद्रासमधून शिकून अमेरिकेत गेलेले बालिगा. आयजीबीटीची गरज का पडली, तेही याच हिशेबातून दिसतं. 1200 व्होल्टचा सिलिकॉन मॉसफेट बनवला तर त्या शंभर मायक्रॉनच्या थराचा रोध इतका येतो की 40 अँपिअरला तो निरुपयोगी ठरतो. म्हणून आयजीबीटीत खालच्या बाजूने होल्स आत सोडतात. थर इलेक्ट्रॉन आणि होल्सनी भरून जातो आणि रोध पडतो.

त्याची किंमत बंद करताना मोजावी लागते. गेट खाली आणलं तरी थरात साठलेला चार्ज जागेवरच असतो. तो वाहून जाईपर्यंत किंवा आपोआप विरेपर्यंत करंटची शेपटी चालू राहते, आणि त्या वेळी डिव्हाइसवर पूर्ण 800 व्होल्ट उभे असतात. गरम झाल्यावर ही शेपटी आणखी लांबते. सिलिकॉन कार्बाइडचा थर मुळातच कमी रोधाचा, त्यामुळे तिथे होल्स भरायची गरज नाही आणि साधा मॉसफेट पुरतो. साठलेला चार्ज नाही म्हणून शेपटी नाही. म्हणजे बँड गॅपचा फायदा तुमच्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः स्विचिंग लॉसमधून. जास्त तापमान सहन होतं असंही वाचायला मिळतं आणि क्रिस्टलपुरतं ते खरं आहे, पण नेहमीची पॅकेजेस 175 अंशांना थांबतात आणि शेजारचे कपॅसिटर त्याच्याही बरेच आधी, त्यामुळे तुमच्या डब्यात त्याचा उपयोग मर्यादित आहे.

आता तुमचे आकडे घेऊ. 415 व्होल्ट लाइनवर साडेएकवीस किलोवॅटला फेज करंट 30 अँपिअर आरएमएस येतो, शिखर 42. कंडक्शन लॉस आधी पाहा. सिलिकॉन कार्बाइडचा 40 मिलीओहमचा मॉसफेट गरम झाल्यावर साधारण 60 मिलीओहम होतो, म्हणजे एका लेगमध्ये 30 × 30 × 0.06 = 54 वॅट. आयजीबीटीत या करंटला सुमारे 2 व्होल्ट पडतात आणि करंटची सरासरी 27 अँपिअर, म्हणजे तिथेही 54 वॅट. पूर्ण लोडला काहीच फरक नाही! बरेच जण इथे चकतात आणि मिलीओहम कमी करण्यावर पैसे घालतात. फरक पडतो कमी लोडला. पाव लोडवर मॉसफेटचा लॉस सोळाव्या हिश्शावर, साडेतीन वॅटच्या आत येतो. आयजीबीटीच्या तळाशी एक व्होल्टच्या आसपासचा ठराविक ड्रॉप असतोच, म्हणून तो आठ वॅटच्या खाली जात नाही. तुमचा चार्जर दिवसाचा बराच वेळ अर्ध्याखाली चालत असेल, तर हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ते गिऱ्हाइकाच्या वापरावर अवलंबून आहे आणि त्याचा लॉग तुमच्याकडेच असेल.

स्विचिंगमध्ये मात्र दोघांत मोठं अंतर आहे. गरम आयजीबीटी आणि त्याच्या डायोडची रिकव्हरी मिळून 800 व्होल्ट, 40 अँपिअरला एका सायकलमागे 8 मिलीज्यूल धरा. नीट चालवलेल्या सिलिकॉन कार्बाइडला 1 मिलीज्यूल धरा. हे या वर्गातल्या पार्ट्सचे गोल आकडे आहेत, तुमच्या डेटाशीटमधले घालून पुन्हा करा. साइन करंटसाठी सरासरी काढायला π ने भागायचं. 20 किलोहर्ट्झवर आयजीबीटीला दर स्विच 51 वॅट, सहा मिळून 306. सिलिकॉन कार्बाइडला दर स्विच साडेसहा, सहा मिळून 38. कंडक्शनचे तीन लेगचे 162 मिळवले तर 468 विरुद्ध 200 वॅट.

पण तुम्ही 20 किलोहर्ट्झवरच थांबलात तर 268 वॅट वाचतील आणि हीटसिंक थोडा लहान होईल, इतकंच. सिलिकॉन कार्बाइडची जास्तीची किंमत वसूल होते ती फ्रीक्वेन्सी वाढवून इंडक्टर आणि फिल्टर लहान केल्यावर. मी अशा फ्रंट एंडला 48 किलोहर्ट्झपासून सुरुवात करतो. त्याचं कारण ईएमआयचं आहे. कंडक्टेड नॉइजची मर्यादा 150 किलोहर्ट्झपासून लागू होते आणि 48 चा तिसरा हार्मोनिक 144 वर, सीमेच्या अलीकडे पडतो. 60 ठेवलेत तर तो 180 वर, म्हणजे थेट मापाच्या पट्ट्यात येतो, आणि इंडक्टरमध्ये वाचवलेलं तांबं फिल्टरमध्ये परत भरावं लागतं. 48 वर सहा स्विचचा लॉस 92 वॅट, एकूण 254. आयजीबीटीच्या 20 किलोहर्ट्झच्या आकड्यापेक्षा हे निम्म्याच्या जवळ आहे आणि त्याच रिपलला 900 मायक्रोहेन्रीच्या जागी 375 पुरतात. मात्र जुना कोअर आणि जाड गोल तार तशीच ठेवू नका. 48 किलोहर्ट्झला करंट तारेच्या कातडीतून वाहतो, लिट्झ वायर घ्यावी लागेल आणि कोअर लॉस पुन्हा मोजावा लागेल.

आता 'तोच बोर्ड' या मुद्द्याकडे वळतो, कारण तो 1 मिलीज्यूलचा आकडा तुमच्या बोर्डवर येईलच असं नाही.

तुमचं पॅकेज तीन पायांचं आहे. सोर्सच्या पायाचं आणि आतल्या बाँड वायरचं मिळून सात-आठ नॅनोहेन्री इंडक्टन्स मेन करंट आणि गेटचा परतीचा रस्ता या दोघांत सामाईक असतं. करंट नॅनोसेकंदाला 2 अँपिअरने चढला तर त्या पायावर 14-16 व्होल्ट उभे राहतात आणि ते गेटच्या व्होल्टेजला विरोध करतात. परिणामी डिव्हाइस स्वतःलाच हळू करतं. आयजीबीटी मुळातच हळू, त्यामुळे तुम्हाला हे कधी जाणवलं नसेल. चार पायांच्या पॅकेजमध्ये गेटसाठी वेगळा केल्व्हिन सोर्स असतो आणि ही अडचण जवळजवळ संपते. दर डिव्हाइसमागे एक जास्तीचा पाय आणि नवा लेआउट, पण स्विचिंग लॉसचा खरा आकडा इथेच ठरतो. डीसी बसच्या लूपचंही तसंच आहे. लूप 40 नॅनोहेन्रीचा असेल आणि बंद होताना नॅनोसेकंदाला 5 अँपिअर पडत असतील, तर 800 वर 200 व्होल्टची उडी येते. ती आवरायला तुम्ही गेट रेझिस्टर वाढवता, आणि घेतलेला वेग तिथेच परत देऊन बसता. सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर लेगला अगदी चिकटून लावणं हाच त्यावरचा उपाय.

गेट ड्राइव्हचे आकडेही बदलतात. आयजीबीटीला +15 आणि -8 देत असाल तर ते जसंच्या तसं चालणार नाही. सिलिकॉन कार्बाइडचा ऑक्साइडजवळचा चॅनल तितकासा चांगला नसतो, त्यामुळे तो पूर्ण उघडायला बहुतेक पार्ट +15 ते +18 मागतात. 18 च्या पार्टला 15 दिले तर डेटाशीटमधला रोध मिळत नाही. उलट बाजूला -3 ते -5 ची मर्यादा पाळा. जास्त निगेटिव्ह ठेवलं तर थ्रेशोल्ड हळूहळू सरकत जातो आणि महिन्यांनी रोध वाढलेला दिसतो. पुरवठादाराने जी जोडी सुचवली आहे तीच द्यायची, इथे स्वतःचा अंदाज चालवू नका.

डेडटाइम हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. आयजीबीटीसाठी तुम्ही 2 मायक्रोसेकंद ठेवला असेल. रुंद बँड गॅपची दुसरी बाजू इथे दिसते. बॉडी डायोडसुद्धा सिलिकॉन कार्बाइडचाच, त्याला चालू व्हायलाच जास्त व्होल्टेज लागतं, आणि पूर्ण करंटला त्याच्यावर 4 व्होल्टच्या आसपास पडतात. 48 किलोहर्ट्झला एक सायकल 20.8 मायक्रोसेकंदांची, तिच्यात दोन डेडटाइम मिळून 4, म्हणजे 19 टक्के वेळ करंट डायोडमधून जातो. लेगमागे जवळपास 21 वॅट नुसते डायोडमध्ये. 250 नॅनोसेकंदांवर आणलंत तर हाच आकडा अडीच वॅटवर येतो. फर्मवेअरमधला एक आकडा बदलायचा आहे, फक्त गेट ड्रायव्हरच्या दोन चॅनेलमधला विलंबाचा फरक त्याला पुरेल इतका कमी आहे ना हे आधी तपासा.

शॉर्ट सर्किटचा धोका मात्र खरोखर गंभीर आहे. जुने 1200 व्होल्टचे आयजीबीटी 10 मायक्रोसेकंद शॉर्ट सोसतात. सिलिकॉन कार्बाइडची चिप त्याच करंटसाठी कितीतरी लहान, उष्णता साठवायला जागाच नाही, त्यामुळे दोन-तीन मायक्रोसेकंदांत खेळ संपतो. तुमच्या ड्रायव्हरचं डीसॅट ब्लँकिंगच 3-4 मायक्रोसेकंदांचं असेल तर संरक्षण जागं होण्याआधी मॉसफेट गेलेला असेल. ओळखून बंद करण्यापर्यंतचा सगळा वेळ दीड मायक्रोसेकंदाच्या आत बसवा, आणि बंद करताना सॉफ्ट टर्न-ऑफ ठेवा, नाहीतर शॉर्टमधून वाचलेला डिव्हाइस त्या व्होल्टेजच्या उडीने जाईल.

राहिला वेग. स्विच नोडचं व्होल्टेज नॅनोसेकंदाला 50 व्होल्टने हललं, तर गेट ड्रायव्हरच्या आयसोलेटेड सप्लायमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या 10 पिकोफॅरडमधून अर्धा अँपिअर कंट्रोलच्या ग्राउंडमध्ये घुसतो. याची लक्षणं ओळखू येतात: कारण नसताना फॉल्ट लागतो, करंट सेन्सरच्या वाचनात स्विचिंगच्या क्षणी काटे दिसतात, कंट्रोलर मधूनच रीसेट होतो, आणि हे सगळं लोड वाढेल तसं वाढत जातं. त्यासाठी कमी कपॅसिटन्सचा सप्लाय आणि 100 किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाच्या वरची सीएमटीआय असलेला ड्रायव्हर हवा.

याच वेगातून मिलर टर्न-ऑनही होतो. वरचा स्विच झटक्यात चालू झाला की खालच्याच्या ड्रेन-गेट कपॅसिटन्समधून करंट गेटमध्ये येतो आणि बंद असलेला स्विच क्षणभर किलकिला उघडतो. सिलिकॉन कार्बाइडचा थ्रेशोल्ड गरम झाल्यावर 2 व्होल्टच्या जवळ येऊ शकतो, म्हणून इथे जागा कमी असते. खूण अशी की लोड शून्य असतानाही हीटसिंक गरम होतो आणि तापमान वाढलं की डीसी इनपुट करंटही चढतो. डबल पल्स टेस्टमध्ये खालच्या गेटवर उंचवटा दिसतो. पण तिथे एक फसवणूक आहे. एका बोर्डवर खालच्या गेटला 6 व्होल्टचा उंचवटा दिसत होता आणि त्यावरून गेट रेझिस्टर वाढवून वाढवून वेग निम्मा करून टाकलेला. प्रोबची मगर क्लिप आणि तिची वीतभर ग्राउंड वायर काढली, टोकाला छोटी स्प्रिंग लावून थेट केल्व्हिन सोर्सच्या पायाशी माप घेतलं, तेव्हा उंचवटा दीड व्होल्टचाच निघाला. तोही -4 वरून वर येणारा, म्हणजे थ्रेशोल्डच्या बराच खाली. बाकीचं सगळं ग्राउंड वायरच्या लूपने पकडलेलं होतं. वरच्या गेटसाठी साधा डिफरेन्शियल प्रोब भरवशाचा नाही, ऑप्टिकल आयसोलेशनचा प्रोब मिळाला तर तोच वापरा.

म्हणून साहेबांना असं सांगा: जुन्या बोर्डवर पार्ट बदलून एक नमुना जरूर चालवू, पण गेटचे व्होल्टेज, डेडटाइम आणि डीसॅट बदलूनच, आणि 20 किलोहर्ट्झवर गेट रेझिस्टर थोडा मोठा ठेवून. त्यातून कार्यक्षमतेचा अंदाज येईल. विकायच्या मालासाठी मात्र पॉवर बोर्ड आणि इंडक्टर नव्याने करावे लागतील.

आता गॅन. त्याचं क्रिटिकल क्षेत्र सिलिकॉन कार्बाइडच्या बरोबरीचं किंवा थोडं वरच आहे, पण बाजारात मिळतो तो गॅन बहुतेक सिलिकॉन वेफरवर वाढवलेला आडवा डिव्हाइस असतो. अ‍ॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइड आणि गॅलियम नायट्राइडच्या सीमेवर इलेक्ट्रॉनचा एक अतिशय पातळ, चपळ थर आपोआप तयार होतो आणि करंट पृष्ठभागालगत त्यातूनच वाहतो. व्होल्टेज वाढवायचं तर गेट आणि ड्रेनमधलं अंतर वाढवावं लागतं, चिप पसरते. शिवाय खाली सिलिकॉन असल्याने मधला बफर थरही जाड करावा लागतो आणि तो जाड केला की वेफर वाकायला, तडकायला लागतो. म्हणून मुख्य प्रवाहातला माल 650 व्होल्टपर्यंत आहे. सिलिकॉन कार्बाइडमध्ये करंट उभा, चिपच्या वरून खाली जातो, त्यामुळे 1200 आणि 1700 व्होल्ट सहज जमतात. 800 व्होल्टच्या दोन-स्तरीय लेगमध्ये 650 चा गॅन बसतच नाही. त्यात तो अ‍ॅव्हलांच सोसत नाही, म्हणजे उडी मर्यादेपलीकडे गेली की माफी नाही. अनेक एन्हान्समेंट-मोड पार्ट्सचा थ्रेशोल्ड दीड व्होल्टच्या आसपास आणि गेटची कमाल मर्यादा 7 व्होल्टच्या जवळ, त्यामुळे लेआउटमधली चूक तो पोटात घालत नाही. आणि मोठं व्होल्टेज अडवून चालू झाल्यावर काही काळ त्याचा रोध वाढलेला राहतो. हा डायनॅमिक रोध पार्टगणिक वेगळा असतो, म्हणून तो नुसत्या मल्टिमीटरने नाही तर स्विचिंग चालू असताना मोजावा लागतो.

तरीही गॅनला तुमच्या डब्यात जागा आहे. तुमचा चार्जर फक्त ग्रिडकडून गाडीकडेच वीज देणारा असेल, उलट नाही, तर व्हिएन्ना रेक्टिफायरचा विचार करा. त्यात बस 400 + 400 अशी दुभंगलेली असते आणि स्विचेसवर 400 व्होल्टच येतात. तिथे 650 चा गॅन किंवा 650 चा सिलिकॉन कार्बाइडही चालतो, 1200 व्होल्टचे फक्त डायोड लागतात आणि ते सिलिकॉन कार्बाइडचे शॉटकी घ्यायचे. असे डायोड 2001 पासून बाजारात आहेत, मॉसफेटच्या दहा वर्षं आधीपासून, त्यामुळे त्यांची किंमत आणि भरवसा दोन्ही बसलेले आहेत. तीन-स्तरीय असल्याने इंडक्टरही आपोआप लहान होतो. गाडीतून ग्रिडला वीज परत द्यायची असेल तर मात्र व्हिएन्ना बाद, आणि 1200 व्होल्टचे सहा मॉसफेट हाच सरळ रस्ता. त्यामुळे पार्ट निवडण्याआधी हे एक मार्केटिंगकडून पक्कं करून घ्या.

आणि मोठा बदल मंजूर होईपर्यंत हातात घेण्यासारखं एक छोटं काम आहे. 800 व्होल्टच्या बसवरून चालणारा तुमचा ऑक्झिलरी सप्लाय बहुधा दोन सिलिकॉन मॉसफेट सिरीजमध्ये लावून किंवा 1500 व्होल्टचा जास्त रोधाचा एकच मॉसफेट लावून केलेला असेल. तिथे 1700 व्होल्टचा, ओहमभर रोधाचा एकच सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट साध्या फ्लायबॅकमध्ये बसतो. करंट एवढा कमी असतो की वर सांगितलेली लेआउटची बहुतेक संकटं तिथे उद्भवत नाहीत, गेटला योग्य व्होल्टेज दिलं की झालं.